बापाने सोडवायचं आणि राजाने सोडायचं : ग्रीकमधला मिडल व्हॉइस

होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच पानावर एक म्हातारा पुजारी ट्रॉयला वेढा घालून बसलेल्या ग्रीकांच्या छावणीत येतो. नाव ख्रिसेस, अपोलोच्या देवळाचा पुजारी. त्याची मुलगी लुटीत पकडली गेलीय आणि ती वाटणीत अ‍ॅगमेम्नॉनला मिळालीय, म्हणजे सगळ्या फौजेच्या सरदाराला. म्हातारा खंडणी घेऊन आलाय, हातात अपोलोची सोन्याची काठी, आणि त्याचं म्हणणं एवढंच की पैसे घ्या पण पोरगी परत द्या.

आता इथे होमर "सोडणे" या अर्थाचं एकच क्रियापद वापरतो, लुओ. गाठ सोडणं, बैल जुवातून सोडणं, कैदी सोडणं, सगळ्याला हेच. पण म्हातारा का आला हे सांगताना तो (पहिल्या सर्गाची १३वी ओळ) "लुसोमेनोस" म्हणतो, आणि पुढे सोळा ओळींनी अ‍ॅगमेम्नॉन नकार देतो तेव्हा त्याच्या तोंडात "लुसो" आहे, "तिला मी सोडणार नाही". धातू तोच, काळही दोन्हीकडे भविष्याचाच, मुलगीही तीच. फरक फक्त शेपटाचा, आणि कर्त्याचा क्रियेशी संबंध काय हे सांगणाऱ्या या फरकालाच व्याकरणात व्हॉइस म्हणतात. लुसो अ‍ॅक्टिव्ह, लुसोमेनोस मिडल.

मराठीत हा फरक सांगायला मला फार खटपट करावी लागत नाही कारण आपल्याकडे त्यासाठी वेगळी सोय आहे. राजा मुलगीला "सोडून देईल" किंवा देणार नाही, आणि बाप तिला "सोडवून घ्यायला" आलाय. साखळी राजाच्या हातात आहे, सोडण्याचं काम त्याचं, ते काम त्याच्याकडून निघून बाहेर जातं आणि त्याच्या पदरात काही पडत नाही, उलट जातंच. बापाच्या बाजूने बघितलं तर त्याने स्वतः कुठली गाठ सोडायचीच नाहीये, तो पैसे मोजणार आणि पोरगी त्याच्याकडे येणार. ग्रीक भाषा याला एकच क्रियापद देते आणि कोण कुठे उभा आहे ते प्रत्ययातून सांगते.

बरं हे एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणता आला असता. पण म्हातारा स्वतः बोलायला लागतो तेव्हा बघा. ग्रीकांना तो म्हणतो, माझी लाडकी पोर मला सोडा आणि ही खंडणी घ्या (ओळ २०). इथे तो जे लुओचं रूप वापरतो ते अ‍ॅक्टिव्ह आहे, कारण आता कर्ते ग्रीक आहेत. हस्तलिखितांत या शब्दाचे दोनतीन पाठभेद आहेत पण सगळे अ‍ॅक्टिव्हच. आणि त्याच ओळीतलं "घ्या" मात्र मिडल आहे, देखेस्थाइ, कारण घेणारा जे घेतो ते त्याच्याकडे येतं. थोडं पुढे, छावणीत रोगाची साथ आल्यावर, ज्योतिषी काल्खास कारण सांगतो (ओळ ९५) की अ‍ॅगमेम्नॉनने मुलगी सोडली नाही आणि खंडणी स्वीकारली नाही. "सोडली नाही" अ‍ॅक्टिव्ह, "स्वीकारली नाही" मिडल. एका ओळीत एकच कर्ता आणि दोन क्रियापदं दोन दिशांना तोंड करून.

मग महाकाव्याच्या दुसऱ्या टोकाला, २४व्या सर्गात, परत एक म्हातारा बाप खंडणी घेऊन शत्रूच्या तंबूत येतो. या वेळी ट्रॉयचा राजा प्रायम, आणि त्याला हवंय मुलाचं, हेक्टरचं, प्रेत. तो ग्रीक योद्धा अकिलीसला सांगतो की हेक्टरसाठी आलोय, "लुसोमेनोस" (ओळ ५०२), अक्षरश: तोच शब्द जो ख्रिसेससाठी होता. अकिलीस उत्तर देतो की म्हाताऱ्या मला डिवचू नकोस, हेक्टरला सोडायचं माझ्याही मनात आहेच, आणि तिथे "लुसाइ" आहे (ओळ ५६१), अ‍ॅक्टिव्ह. म्हणजे पहिल्या सर्गात जे मागणं धुडकावलं गेलं तेच शेवटच्या सर्गात मान्य होतं आणि दोन्हीकडे मागणारा मिडलमध्ये, ज्याच्या हातात आहे तो अ‍ॅक्टिव्हमध्ये. अनुवादात हे बहुतेक वेळा "सोडवायला" आणि "सोडायला" एवढंच उरतं, आणि ठीक आहे, वाचणाऱ्याला कळतं, पण ग्रीक ऐकणाऱ्याला तो एकच शब्द दोन तोंडांतून उलटा-सुलटा ऐकू येत असणार.

आता नावाबद्दल थोडं, कारण या नावाने बरंच नुकसान केलंय. मिडल म्हणजे मधला. शाळेत इंग्रजी ग्रामर शिकलेल्या माणसाला वाटतं अ‍ॅक्टिव्ह म्हणजे केलं, पॅसिव्ह म्हणजे झालं, मग मिडल म्हणजे अर्धं केलं अर्धं झालं. तसं काही नाही. भाषेचा इतिहास बघितला तर मूळ जोडी अ‍ॅक्टिव्ह आणि मिडल हीच होती, पॅसिव्ह हा नंतर मिडलच्या घरातच वाढलेला प्रकार आहे. जुन्या ग्रीक वैयाकरणांनी "मेसोतेस" म्हणजे मधलेपणा असं नाव ठेवलं आणि त्या खात्यात जे जे दोन्हीकडे नीट बसेना ते टाकलं, अगदी काही रूपं दिसायला चक्क अ‍ॅक्टिव्ह असलेलीसुद्धा.

आपल्याकडचं नाव जास्त बरं आहे, आणि हे मी अभिमान म्हणून सांगत नाहीये, खरंच बरं आहे. ज्यांनी आठवी-नववीत संस्कृत घेतलं त्यांना परस्मैपद-आत्मनेपद आठवत असेल, म्हणजे बहुधा "लभते लभेते लभन्ते" पाठ करणं आठवत असेल आणि का ते कोणी सांगितलं नसेल. परस्मै म्हणजे दुसऱ्यासाठी, आत्मने म्हणजे स्वत:साठी. आणि ही नुसती सारखी दिसणारी गोष्ट नाही, ग्रीक मिडल आणि संस्कृत आत्मनेपद हे एकाच जुन्या भाषेतून आलेलं एकच यंत्र आहे. ग्रीकमध्ये "तो पडून आहे" हे केइताइ, संस्कृतात शेते. "तो बसलाय" हे हेस्ताइ, संस्कृतात आस्ते. शेवटचा "ताइ" आणि "ते" बघा. धातूही तेच आणि प्रत्ययही तोच.

पाणिनीने तर नियमच दिलाय (१.३.७२) की ज्या धातूंना दोन्ही पदं चालतात त्यांच्यात क्रियेचं फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद लावायचं. टीकाकारांचं नेहमीचं उदाहरण यज्ञाचं. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तर "यजति", ज्याचा यज्ञ आहे तो करतो तर "यजते". आहुत्या टाकायचं काम पुरोहितच करतोय, हात त्याचेच भाजतायत, पण स्वर्ग मिळणार तो दुसऱ्याला, म्हणून त्याला परस्मैपद. आणि ज्याला मिळणार तो "यजमान". हा यजमान शब्द आपण जेवायला बोलावणाऱ्यालाही वापरतो पण मुळात ते आत्मनेपदाचं कृदंत आहे आणि त्यातलं "मान" म्हणजे ग्रीकमधलं "मेनोस" याचाच भाऊबंद. लुसोमेनोस आणि यजमान, एकच साचा. म्हातारा ख्रिसेस त्या अर्थाने सोडवण्याच्या कामातला यजमान आहे, पुरोहिताचं काम दुसरा कोणीतरी करेल.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बेनवेनिस्त याने १९५० मध्ये यावर एक छोटा लेख लिहिला आणि त्यात पाणिनीचाच धागा पकडून सांगितलं की प्रश्न कर्ता "करतो की सोसतो" हा नाहीच. प्रश्न असा की कर्ता घडणाऱ्या गोष्टीच्या बाहेर आहे की आत. अ‍ॅक्टिव्हमध्ये गोष्ट कर्त्यापासून सुरू होऊन बाहेर जाते, मिडलमध्ये कर्ता त्या गोष्टीच्या आतच बसलेला असतो, ती त्याच्यात किंवा त्याच्याभोवती घडते. नंतर २००३ मध्ये रुटगर अ‍ॅलन या डच अभ्यासकाने ग्रीक मिडलचे सगळे प्रकार तपासून साधारण असंच म्हटलं, की सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे कर्त्यावर परिणाम होणं. परिणाम अंगावर होईल, मनावर होईल, खिशावर होईल, पण होतो.

"स्वत:साठी" आणि "स्वत:ला" यात मात्र गल्लत करू नका, ती सगळेच करतात. सुरुवातीच्या पुस्तकांत मिडल म्हणजे रिफ्लेक्सिव्ह असं लिहिलेलं असतं आणि उदाहरण म्हणून लूओमाइ, "मी अंघोळ करतो", देतात. अंघोळ, कपडे चढवणं, केस विंचरणं, अंगाला तेल लावणं, हे जे माणूस एरवीच स्वत:वर करतो त्यांना मिडल एकट्यानं पुरतं. पण जी गोष्ट माणूस सहसा दुसऱ्यावर करतो, म्हणजे मारणं, फेकणं, ती स्वत:वर केली तर ग्रीक लोक बहुतेक अ‍ॅक्टिव्ह क्रियापद घेऊन पुढे "स्वत:ला" हा शब्द वेगळा लावतात. म्हणजे मिडलचं मुख्य काम "स्वत:ला" हे नाहीच.

मुख्य काम काय ते झेनोफन या ग्रीक लेखकाच्या एका उताऱ्यात फार छान दिसतं. सॉक्रेटिस आणि हिप्पियस नावाचा एक फिरता पंडित कायद्याबद्दल बोलतायत. सॉक्रेटिस विचारतो, न लिहिलेले कायदे माहितीयत का. हिप्पियस म्हणतो हो, जे सगळ्या देशांत सारखे असतात ते, म्हणजे देवांना भजावं, आईवडिलांना मान द्यावा असे. मग सॉक्रेटिस विचारतो, हे माणसांनी केले असं म्हणता येईल का? इथे "केले" साठी "एथेन्तो" आहे, मिडल. कायदा घालणे याला ग्रीकमध्ये तिथेमि हे क्रियापद आहे, म्हणजे नुसतं ठेवणे. लोक जेव्हा आपल्याच गावासाठी कायदा करतात तेव्हा ते तो स्वत:वर घालून घेतात, उद्या त्यांनाच तो पाळायचाय, म्हणून मिडल. हिप्पियस म्हणतो छे, सगळी माणसं एका जागी जमणार कशी, आणि भाषा पण एक नाही. मग कोणी केले? हिप्पियसचं उत्तर, देवांनी माणसांसाठी, आणि आता क्रियापद "थेइनाइ", अ‍ॅक्टिव्ह. देवांनी घालून दिले. देवांना थोडंच आईबापांना मान द्यायचाय.

मला हा उतारा आवडतो कारण इथे व्याकरणच अर्धा युक्तिवाद आहे. झेनोफन कुठे थांबून सांगत नाही की बघा माणसं कायद्याच्या आत असतात आणि देव बाहेर. प्रश्न मिडलमध्ये विचारला जातो, उत्तर अ‍ॅक्टिव्हमध्ये येतं आणि वाचणाऱ्याला कळतं. एका सभेने केलेला कायदा आणि एखाद्या कायदेकर्त्याने शहराला दिलेला कायदा हा फरक ग्रीक लेखक एरवीही असाच करतात.

मिडलमध्ये हाताने काम करणारा वेगळा असला तरी चालतं, हे यजमानासारखंच. प्लेटोच्या मेनो या संवादात थेमिस्टोक्लिसची गोष्ट येते, अथेन्सचा मोठा पुढारी, त्याने मुलाला उत्तम घोडेस्वार बनवलं, घोड्यावर उभं राहून भाला फेकायचा तो पोरगा. तिथे "एदिदाक्सातो" आहे, शिकवणे या क्रियापदाचा मिडल. थेमिस्टोक्लिस स्वत: काही रोज सकाळी मैदानात उभा नव्हता, त्याने शिकवून घेतलं. मुलगा त्याचा, पैसे त्याचे, नाव त्याचं होणार. पण लगेच पुढच्या पानावर त्याच संवादात पेरिक्लिस या अथेन्सच्याच दुसऱ्या पुढाऱ्याच्या मुलांची गोष्ट येते, त्यानेही मुलांना घोडेस्वारी शिकवली, म्हणजे शिकवून घेतलीच, आणि तिथे सरळ अ‍ॅक्टिव्ह आहे, "एदिदाक्सेन". परिस्थिती तीच, बाप, मुलं, घोडे.

मग काय, प्लेटोने दुसरीकडे चूक केली का? नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला लागते जी शिकवताना बऱ्याचदा सुटते. मिडल काहीतरी बोलतो, अ‍ॅक्टिव्ह त्याच्या उलट बोलतोच असं नाही, तो कधीकधी फक्त गप्प बसतो. "त्याने मुलांना पोहायला शिकवलं" असं आपण म्हणतो तेव्हा त्याने स्वत: पाण्यात उतरून शिकवलं की क्लास लावला हे आपण सांगतच नाही. "शिकवून घेतलं" म्हटलं की सांगितलं. म्हणून मिडल दिसला तर विचारा की कर्त्याचा यात काय संबंध, पण अ‍ॅक्टिव्ह दिसला म्हणून कर्त्याचा संबंध नाहीच असा निष्कर्ष काढू नका.

आता मोठी अडचण. आत्तापर्यंत मी सगळी जोडीची क्रियापदं घेतली, जिथे लेखकासमोर दोन पर्याय होते आणि त्याने एक निवडला. पण ग्रीकमध्ये कितीतरी रोजची क्रियापदं अशी आहेत की ती फक्त मिडलमध्येच सापडतात. बूलोमाइ म्हणजे इच्छा असणे, गिग्नोमाइ म्हणजे होणे, आइस्थानोमाइ म्हणजे जाणवणे, माखोमाइ म्हणजे लढणे, हेपोमाइ म्हणजे मागोमाग जाणे (हे संस्कृतातलं सचते). ख्रिसेसच्याच प्रसंगात परत जाऊन बघा, म्हातारा विनवतो ते लिस्सेतो, मिडल, ग्रीक ओरडून सांगतात की पुजाऱ्याचा मान राखा ते आइदेइस्थाइ, मिडल, तो समुद्रकाठी एकटा जाऊन देवाला आळवतो ते मिडल, अपोलो रागावून डोंगरावरून उतरतो तो राग पण मिडल. यांना जोडीदारच नाही, निदान नेहमीच्या वापरात तरी.

लॅटिनवाल्यांनी अशा क्रियापदांना एक नाव दिलं, डिपोनंट, म्हणजे ज्यांनी काहीतरी बाजूला ठेवलंय. कल्पना अशी की या क्रियापदांचा अर्थ अ‍ॅक्टिव्ह आहे, त्यांनी आपलं अ‍ॅक्टिव्ह रूप टाकून दिलं आणि मिडलचे कपडे नुसते चढवलेत. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना हेच शिकवलं गेलं, रूप मिडल पण अर्थ अ‍ॅक्टिव्ह, पुढे चला. यावर कुरकूर जुनी आहे, अमेरिकन अभ्यासक रॉबर्टसनने १९१४ च्या आपल्या मोठ्या व्याकरणातच हे नाव चुकीचं आहे म्हटलं होतं, पण गेल्या वीसेक वर्षांत बायबलच्या ग्रीकचे शिक्षक मोठ्या संख्येने हे नाव सोडायला लागलेत.

कारण यादी नुसती डोळ्यांखालून घातली तरी ती योगायोगाची वाटत नाही. इच्छा, भीती, राग, जाणवणं, वाटणं, विनवणं, स्वीकारणं, लढणं जिथे दोघं असल्याशिवाय जमत नाही, होणं, बसणं, पडून राहणं. सगळीकडे कर्त्याचं स्वत:चं काहीतरी बदलतंय किंवा गुंतलंय. "मला इच्छा आहे" यात मी करतोय काय? माझ्या आत ती आहे. मराठीने तर इथे कर्त्याला कर्ताच ठेवला नाही, "मला वाटतं, मला भीती वाटते, मला आठवतं" करून त्याला चतुर्थीत बसवला. ग्रीकने कर्ता तसाच ठेवला आणि क्रियापद मिडल केलं. दोन भाषांनी एकाच गोष्टीची दखल दोन ठिकाणी घेतली. आणि संस्कृत व्याकरणाने तर यांना कधी अर्धवट मानलंच नाही, काही धातू परस्मैपदी, काही आत्मनेपदी, काही उभयपदी, संपलं. हेच तीन कप्पे ग्रीक वाचताना डोक्यात ठेवले तर निम्मा घोळ मिटतो. उभयपदी असेल तर लेखकाची निवड आहे, तिथे थांबून विचार करा. फक्त मिडलच असेल तर तो अर्थ धातूतच आहे, लेखकाने त्या ओळीत काही खास केलेलं नाही, त्यावर प्रवचन झोडू नका.

आणि आता याच्या विरुद्ध पुरावा पण देतो नाहीतर हे फार गुळगुळीत होईल. अ‍ॅगमेम्नॉन म्हाताऱ्याला हाकलून देतो त्यानंतरची ओळ, ३३वी, अशी आहे: "असं तो म्हणाला, आणि म्हातारा घाबरला." वर सांगितलेल्या हिशोबाने "म्हणाला" अ‍ॅक्टिव्ह पाहिजे, कारण बोलणं तोंडातून बाहेर जातं, आणि "घाबरला" मिडल पाहिजे. होमरमध्ये बरोब्बर उलटं आहे! "म्हणाला" आहे एफातो, जो मिडल, आणि "घाबरला" आहे एदेइसेन, जो चोख अ‍ॅक्टिव्ह. एका ओळीत दोन्ही अंदाज फसले.

यातलं पहिलं समजावता येतं. होमरमध्ये "म्हणाला" साठी एफे आणि एफातो दोन्ही येतात आणि अर्थात काही फरक सापडत नाही. हे काव्य ठरलेल्या सहा गणांच्या ओळीत गायलं जायचं, गायकाला एके ठिकाणी दोन अक्षरांचा शब्द लागतो तर दुसरीकडे तीन अक्षरांचा, आणि हाताशी दोन्ही असले की बरं पडतं. म्हणजे इथे जोडी आहे, निवड पण आहे, पण निवडणारा छंद आहे. म्हणून मी वर जो उभयपदीवाला नियम सांगितला त्याला पद्यात ही पुस्ती जोडा: तेच क्रियापद त्याच अर्थाने दुसऱ्या व्हॉइसमध्ये त्याच कवीकडे येतं का ते आधी शोधा. लुओच्या बाबतीत शोधलं तर खंडणीच्या प्रसंगांत बाप नेहमी मिडल आणि पकडणारा अ‍ॅक्टिव्ह असं स्वच्छ निघतं, म्हणून तिथे आपण छातीठोक बोलू शकतो. एफातोच्या बाबतीत नाही.

दुसरं, घाबरण्याचं, ते समजावता येत नाही, ते तसं आहे. मनातल्या गोष्टींची क्रियापदं बऱ्याच वेळा मिडल असतात पण सगळी नाहीत, जसं संस्कृतात "मोदते" आत्मनेपदी आणि "हृष्यति" परस्मैपदी, आनंद दोघांनाही तेवढाच. प्रेम करणे याची ग्रीकमधली नेहमीची क्रियापदं पण अ‍ॅक्टिव्ह आहेत. मिडल कर्त्याच्या गुंतण्याची खूण आहे, पण गुंतलेला प्रत्येक कर्ता ती खूण लावून फिरत नाही.

वाचताना येणारी अजून एक रोजची अडचण म्हणजे वर्तमानकाळात मिडल आणि पॅसिव्ह यांचं रूप एकच असतं. लुएताइ म्हणजे "तो सोडवून घेतो" पण आणि "तो सोडला जातो" पण. अशा वेळी बघायचं की वाक्यात कर्म आहे का, मुलगीला, हेक्टरला असं काही द्वितीयेत, असेल तर जवळजवळ नक्की मिडल, आणि "हुपो" हा शब्द घेऊन करणारा वेगळा सांगितला असेल तर पॅसिव्ह. दोन्ही नसेल तर संदर्भ. भविष्य आणि साध्या भूतकाळात पॅसिव्हचं वेगळं रूप आहे, तिथे हा त्रास कमी होतो, पण गंमत म्हणजे तिथेही काही मिडल क्रियापदं पॅसिव्हसारखं दिसणारं रूप घेतात. शिवाय ऐकणे, शिकणे, बघणे ही साधी अ‍ॅक्टिव्ह क्रियापदं भविष्यकाळात गेली की अचानक मिडल होतात, अकूओ म्हणजे ऐकतो पण अकूसोमाइ म्हणजे ऐकेन. ऐकणाऱ्याचा भविष्यात जास्त संबंध येतो असं नाही. हे रूपांचं गणित आहे आणि ते वेगळं पाठ करायचं.

सगळ्यात जास्त ताणलं जातं ते बायबलमध्ये, कारण तिथे एका प्रत्ययावर अख्खा पंथ उभा राहू शकतो. ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१३:८) एक वाक्य आहे की संदेश असतील तर ते नाहीसे केले जातील, भाषा असतील तर त्या थांबतील, ज्ञान असेल तर ते नाहीसं केलं जाईल. पहिलं आणि तिसरं क्रियापद पॅसिव्ह आहे, मधलं "पाउसोन्ताइ" मिडल. या भाषा म्हणजे प्रार्थनेत अंगात आल्यावर बोलल्या जाणाऱ्या अगम्य भाषा, आणि त्या आज चालू आहेत की पहिल्या शतकातच संपल्या यावर चर्चमध्ये कडाक्याचा वाद आहे. त्यात काही जण म्हणतात बघा, मिडल वापरलाय, म्हणजे बाकीच्या दोन गोष्टी देव येऊन बंद करेल पण भाषा आपल्या आपण, स्वत:हून संपतील, म्हणजे त्या आधीच संपल्यात.

आपण वर जे केलं तेच इथे करून बघू. पाउओ हे उभयपदी आहे का? हो. अ‍ॅक्टिव्हचा अर्थ काय? थांबवणे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१०) आहे, माणसाने आपली जीभ वाइटापासून थांबवावी, तिथे अ‍ॅक्टिव्ह. मिडलचा अर्थ काय? थांबणे. म्हणजे हा नुसता थांबवणं-थांबणं असा जोड आहे, आणि मराठीत "पाऊस थांबला" म्हणताना आपण पावसाने स्वत:च्या मर्जीने हात आखडता घेतला असं म्हणत नाही. मग तेच रूप दुसरीकडे कुठे येतं ते शोधायचं. लूकच्या शुभवर्तमानात (८:२४) सरोवरात वादळ येतं, शिष्य येशूला उठवतात, तो वाऱ्याला आणि लाटांना दटावतो, आणि लगेच "एपाउसान्तो", ते थांबले. हाच मिडल. तिथे तर वाक्यातच स्पष्ट लिहिलंय की बाहेरून कोणीतरी दटावलं म्हणून थांबले, स्वत:हून थांबले असं कोणीच म्हणणार नाही. म्हणजे पाउसोन्ताइ एवढंच सांगतं की थांबण्याची अवस्था त्या भाषांच्या अंगाला लागणार, ती कोणी लावली आणि कधी लावली याबद्दल ते रूप काहीच बोलत नाही. भाषा संपल्या असं ज्याला म्हणायचंय त्याने खुशाल म्हणावं, फक्त पुरावा दुसरीकडून आणावा.